भाजीपाल्यातील आच्छादन : काड, पालापाचोळा की प्लॅस्टिक?

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्ह्यातील सिल्लोड तालुका आणि त्याला लागून असलेला जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुका हा उन्हाळी मिरचीचा पट्टा म्हणून ओळखला जातो. एप्रिलअखेर ते मे महिन्यात, म्हणजे विहिरी तळाला गेलेल्या असताना आणि पारा चाळीस अंशांच्या वर असताना, येथे मिरचीची लागवड होते. जूनअखेरपासून तोडा सुरू व्हावा आणि सुरुवातीचा चांगला भाव मिळावा हा त्यामागील हेतू असतो. या पट्ट्यात उन्हाळ्यात गेल्यास गादीवाफ्यांवर चंदेरी कागद अंथरलेला दिसतो. त्याच वेळी पैठण, गंगापूरकडील शेतकरी विचारतात की आमच्याकडे उसाचे पाचट पडून आहे, मग पैसे देऊन कागद का घ्यावा? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आच्छादन नेमके कोणते पाणी वाचवते हे समजून घेतले पाहिजे.

ओल कोणत्या दिवसांत उडते?

भिजलेल्या उघड्या जमिनीतून पाणी एकाच वेगाने उडत नाही. पाणी दिल्यानंतर पहिले एक-दोन दिवस वरचा थर ओला असतो. तेव्हा हवेत जेवढी ओढ असेल तेवढी वाफ जमिनीतून निघून जाते. नंतर वरचा बोटभर थर सुकतो आणि तोच खालच्या ओलीवर झाकण बनतो, त्यामुळे उडण्याचा वेग आपोआप कमी होतो. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आपल्याकडे म्हणतात त्यामागे हेच कारण आहे. कोळप्याने वरची माती मोकळी होऊन लवकर सुकते, भेगा बुजतात आणि खालची ओल टिकते.

ठिबकवर मात्र आपण रोज किंवा दिवसाआड पाणी देतो. वरचा थर सुकायला अवधीच मिळत नाही आणि वेगाने ओल उडण्याची ती पहिली अवस्था रोज नव्याने सुरू होते. म्हणून वरचेवर पाणी देण्याच्या पिकात आच्छादनाचा फायदा सर्वांत जास्त दिसतो. पंधरा दिवसांनी एकदा पाट-पाणी देणाऱ्याला तो त्या मानाने कमी दिसतो, कारण आच्छादन ओल उडण्याचा वेग मंद करते, ओल कायमची कोंडून ठेवत नाही. फार दिवस पाणी न दिल्यास काडाखालची जमीनही शेवटी सुकतेच.

दुसरी गोष्ट पिकाच्या वयाची आहे. मिरचीचे रोप चार बोटे उंच असते तेव्हा वाफ्यावर त्याची सावली जवळजवळ नसते. दिलेल्या पाण्यातील फार थोडे पाणी रोप पिते आणि बरेचसे जमिनीतून उडते. साधारण दोन महिन्यांनी झाडे एकमेकांना भिडली की पानांची सावली हेच आच्छादन होते. म्हणजे आच्छादनाची खरी कमाई लागवडीपासूनच्या पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत होते. पीक कमरेएवढे झाल्यावर "आता पाणी कमी पडतेय, काड टाकू या" असे ठरवण्यात फारसे हशील नाही. आच्छादनाचे साहित्य रोपवाटिका टाकतानाच जमवून ठेवावे.

एका एकराचा हिशेब

उदाहरणादाखल एक एकर मिरची घेऊ. गादीवाफ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर ५ फूट, म्हणजे सुमारे दीड मीटर आहे. एकराचे क्षेत्र सुमारे ४,००० चौरस मीटर धरले तर वाफ्यांची एकूण लांबी सुमारे २,६७० मीटर होते. दोन रोपांतील अंतर सव्वा फूट ठेवल्यास एकरी सुमारे ७,००० रोपे बसतात.

ठिबकच्या नळीखाली सुमारे ६० सें.मी. रुंदीचा पट्टा भिजतो असे धरा. भिजलेले क्षेत्र सुमारे १,६०० चौरस मीटर झाले. मे महिन्याच्या उन्हात सतत ओली राहिलेली उघडी जमीन दिवसाला ८ मि.मी.पर्यंत पाणी सहज गमावू शकते. एक मि.मी. म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. या हिशेबाने दिवसाला १२,८०० लिटर झाले. जमीन दिवसभर तितकी ओली राहत नाही, म्हणून यातले निम्मेच उडते असे मानले तरी ६,४०० लिटर होतात. पाच हजार लिटरच्या एका टँकरपेक्षा जास्त पाणी रोज पिकाच्या उपयोगी न पडता हवेत जाते. टंचाईच्या वर्षी टँकर विकत घेणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता साहित्याचा हिशेब पाहू. काड, पाचट वा पाला घालायचा तर वाफ्यावर ८० सें.मी. रुंदीचा पट्टा झाकावा लागेल, म्हणजे सुमारे २,१०० चौरस मीटर. दर चौरस मीटरला किमान एक किलो कोरडे काड पडले तर माती दिसेनाशी होते. म्हणजे एकरी सुमारे २१ क्विंटल काड लागते. गव्हाचे इतके काड फार थोड्या शेतकऱ्यांकडे शिल्लक असते. ज्वारीचा कडबा आणि सोयाबीनचे कुटार हे तर जनावरांच्या तोंडचे खाद्य. उन्हाळ्यात कडब्याचा भाव पाहता तो वाफ्यावर अंथरण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. उसाच्या एका एकरातून मात्र सर्वसाधारणपणे ३ ते ४ टन पाचट निघते. खोडव्यात ते ठेवायचे नसेल, तर काडी लावण्याऐवजी एक एकर भाजीपाला त्यात झाकून काही पाचट उरतेही. म्हणून ऊस असलेल्या गावांत पाचट, आणि ऊस नसलेल्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कागद, ही विभागणी परिस्थितीनेच करून ठेवली आहे. परसबागेच्या किंवा दोन-चार गुंठ्यांच्या वाफ्यांना मात्र काड आणि पाला दोन्ही पुरतात, तेथे कागदाचा खर्च करू नये.

प्लॅस्टिकचा कागद १.२ मीटर रुंद आणि ४०० मीटर लांब गुंडाळीत मिळतो. वरील एकराला सुमारे सात गुंडाळ्या लागतील. पंचवीस मायक्रॉन जाडीच्या एका गुंडाळीचे वजन सुमारे ११ किलो भरते. खरेदी करताना गुंडाळी वजन करून घ्यावी. वजन बरेच कमी भरल्यास कागद सांगितलेल्या जाडीचा नाही किंवा लांबीला कमी आहे हे लगेच कळते. एकाच कागदावर मिरचीनंतर दुसरे पीक घ्यायचे असल्यास ३० मायक्रॉनचा कागद घ्यावा.

काड आणि पाला कसा घालावा?

काड नेहमी ओल्या जमिनीवर घालावे. कोरड्या वाफ्यावर काड टाकून वरून थोडे थोडे पाणी शिंपडल्यास ते पाणी काडच पिऊन टाकते आणि खालची माती कोरडी राहते. हलक्या सरीचेही तसेच होते. आधी वाफा चांगला भिजवावा, खुरपणी करून तण काढावे आणि रोपे लागून नवी पाने फुटल्यावर, म्हणजे लागवडीनंतर ८ ते १० दिवसांनी, काड पसरावे. रोपाच्या खोडाभोवती तीन-चार बोटे जागा मोकळी ठेवावी. ओले काड खोडाला टेकून राहिल्यास तेथे बुरशी धरते आणि रोप बुडाशी सडते.

मळणी यंत्रातून निघालेला बारीक भुसा वाऱ्याने उडतो, तर लांब काड जागेवर राहते. भुसाच वापरायचा असेल तर पसरल्यावर त्यावर पाणी शिंपडून तो दाबून घ्यावा. पाचट लांब असल्याने रोपांच्या ओळींमध्ये आडवे पसरता येते, मात्र त्याचे दोन-तीन तुकडे केल्यास बसते चांगले.

काड जमिनीत मिसळू नये. वर अंथरलेले काड सावकाश कुजते आणि पिकाचे नत्र फारसे ओढून घेत नाही. तेच काड खुरपणीत मातीत गाडले गेले तर ते कुजवणारे जिवाणू जमिनीतील नत्र वापरतात. खालची जुनी पाने आधी पिवळी पडू लागली की हे ओळखावे आणि थोडे नत्र वरून द्यावे. पीक निघाल्यावर काड गाडण्यास हरकत नाही, पण पुढच्या पेरणीपूर्वी ते कुजण्यास पुरेसा अवधी द्यावा.

पालापाचोळ्यात निंबाचा, आंब्याचा, पिंपळाचा पाला चालतो. कोरडा पाला लवकर चुरा होतो, म्हणून काडाच्या दीडपट ते दुप्पट घालावा आणि महिन्याभराने पुन्हा भर द्यावी. मोठ्या पानांचे थर एकावर एक बसले की छपरासारखे होतात आणि पाणी बाजूने वाहून जाते. अशी पाने हाताने चुरून घालावीत. सुबाभळीचा पाला शेंगांसकट आणू नये, अन्यथा वाफ्यात सुबाभळीचीच रोपवाटिका तयार होते. गाजरगवत फुलावर येण्याआधी कापलेले असेल तरच वापरावे. मिरची, टोमॅटो, वांगी यांचे जुने अवशेष त्याच वर्गातील पिकाच्या वाफ्यावर टाकू नयेत, कारण त्यांतून रोग परत येतो.

वाळवीचा उपद्रव असलेल्या हलक्या मुरमाड जमिनीत कोरड्या काडाखाली वाळवी येते. आठवड्यातून एकदा दोन-चार ठिकाणी काड उचलून पाहावे. काडाला आतून माती चिकटलेली, नळीसारखे मातीचे पट्टे तयार झालेले दिसल्यास तेवढ्या भागातील काड काढून टाकावे आणि तो भाग ओला ठेवावा. काडाखाली साप, विंचू असू शकतात, तेव्हा काड हाताने न उचलता काठीने उलटावे.

प्लॅस्टिकचा कागद अंथरताना

कागद एकदा अंथरला की खालची चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणून शेणखत आणि लागवडीचे खत आधी मिसळून घ्यावे, ढेकळे फोडून आणि धसकटे वेचून गादीवाफा सारखा करावा. माथा ७५ ते ९० सें.मी. रुंद आणि उंची २० ते ३० सें.मी. असावी. नळी मधोमध टाकून अर्धा तास ठिबक चालवून पाहावे. बंद पडलेल्या तोट्या याच वेळी दुरुस्त कराव्यात. कागदाखाली बंद असलेली तोटी तिच्याजवळची रोपे सुकल्यावरच लक्षात येते.

कागद सकाळी किंवा संध्याकाळी अंथरावा. भर दुपारी तो उन्हाने फुगलेला असतो. तो मातीला चिकटून बसला पाहिजे, पण ताणून फाटण्याइतका घट्ट नको. सैल राहिलेला कागद वाऱ्याने फडफडतो आणि छिद्रे सरकून रोपे कागदाखाली अडकतात. दोन्ही कडा किमान १० सें.मी. मातीखाली दाबाव्यात. उन्हाळी लागवडीत चंदेरी बाजू वर आणि काळी खाली ठेवावी. काळी बाजू वर असल्यास मे महिन्यात कागद इतका तापतो की त्याला टेकलेले कोवळे खोड भाजते. चंदेरी बाजूवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने मावा, फुलकिडे यांसारख्या किडी सुरुवातीच्या काळात काही प्रमाणात बिचकतात. फुलकिड्यांमुळे आणि विषाणूमुळे येणारा चुरडा-मुरडा मिरचीत मोठे नुकसान करतो, म्हणून हा लाभ लहान नाही. पण झाडांनी कागद झाकला की तो संपतो, तेव्हा किडींची पाहणी चालूच ठेवावी.

रोपे संध्याकाळी लावावीत. लावल्यावर छिद्राभोवती चिमूट-दोन चिमूट नव्हे, तर ओंजळभर माती टाकून छिद्र पूर्ण बुजवावे. उघडे छिद्र धुराड्यासारखे काम करते. कागदाखालची तापलेली हवा आणि वाफ त्यातूनच बाहेर पडते आणि रोपाच्या बुडाला लागते. जमिनीलगत खोडावर तपकिरी, आवळल्यासारखा पट्टा आणि वरून रोप मान टाकलेले असे दिसले की बरेच जण मर रोग समजून औषध ओततात. अशा वेळी प्रथम मुळे उपटून पाहावीत. मुळे पांढरी आणि निरोगी असतील व कागदाच्या उंचीवरच डाग असेल, तर तो भाजल्याचा डाग आहे. तेथे औषधाचा उपयोग नाही, बाकीची छिद्रे मातीने बुजवावीत.

वाचलेले पाणी कमी केले का?

या विषयात सर्वांत जास्त नुकसान होते ते या ठिकाणी. कागद घातला, पण ठिबकचे तास मात्र पूर्वीइतकेच ठेवले. उडणारे पाणी थांबल्यामुळे ते आता मुळांजवळ साचते. आपल्या काळ्या भारी जमिनीत पाणी आधीच सावकाश मुरते, त्यामुळे मुळांना हवा मिळत नाही, झाडे निस्तेज होतात आणि पाऊस सुरू झाला की मर लागते. दोष कागदाला दिला जातो. भर उन्हात झाड मलूल दिसले म्हणून आणखी पाणी दिले जाते आणि दुखणे वाढते.

यासाठी रोज सकाळी दोन ठिकाणी छिद्राशेजारून १० ते १५ सें.मी. खोलीची माती घेऊन मुठीत दाबावी. गोळा गुळगुळीत, चकाकणारा होऊन बोटांना चिकटत असेल तर त्या दिवशी पाणी देऊ नये. गोळा होतो पण अंगठ्याने दाबताच फुटतो, अशी स्थिती आली की पाणी द्यावे. कागदावर पडलेला पाऊस वाफ्यात न जाता सरीत वाहतो हेही लक्षात ठेवावे. जूनमध्ये सऱ्यांची तोंडे मोकळी करून पाण्याचा निचरा करावा, आणि हलक्या सरी पडून गेल्या तरी वाफ्यातील माती मुठीत दाबून पाहिल्याशिवाय ठिबक बंद करू नये.

विद्यार्थ्यांचा प्रकल्प तुमच्या शेतावर

कृषी पदविकेच्या विद्यार्थ्यांना आच्छादनाचा जो छोटा प्रकल्प दिला जातो, तो कोणत्याही शेतकऱ्याला एका गुंठ्याच्या आतच करता येईल. तीन मीटर लांब आणि एक मीटर रुंद असे बारा वाफे घ्यावेत. उघडा, काडाचा, पाल्याचा आणि कागदाचा असे चार प्रकार, प्रत्येकी तीन वाफे. कोणता वाफा कोठे हे मनाने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवावे. बांधावरच्या निंबाच्या सावलीतील तीनही वाफे काडाचे निघाले, तर फरक काडाचा की सावलीचा हे सांगता येणार नाही. प्रत्येक वाफ्याला मोजून सारखेच पाणी द्यावे.

पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि सातव्या दिवशी दोन रोपांच्या मधून १५ सें.मी. खोलीपर्यंतची माती घ्यावी. ती लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वजन करावे. प्रयोगशाळेत ती १०५ अंश सेल्सिअसला २४ तास भट्टीत वाळवतात. घरी तव्यावर मंद आचेवर, वजन घटणे थांबेपर्यंत परतून वाळवली तरी तुलना करण्यापुरते काम होते. ओल काढण्याचे सूत्र असे :

ओल (टक्के) = (ओल्या मातीचे वजन − कोरड्या मातीचे वजन) ÷ कोरड्या मातीचे वजन × १००

विद्यार्थी बहुधा ओल्या वजनाने भागतात आणि उत्तर कमी येते. उदाहरणार्थ, उघड्या वाफ्यातील माती ओली १२५ ग्रॅम आणि वाळल्यावर १०० ग्रॅम भरली, तर ओल २५ टक्के झाली. ओल्या वजनाने भागल्यास ती २० टक्के दिसेल. काडाच्या वाफ्यातील माती ११६ ग्रॅमची ९० ग्रॅम झाली, तर ओल सुमारे २९ टक्के. फरक ४ टक्के आला.

हा फरक कागदावर लहान दिसतो. पण आपल्या काळ्या जमिनीच्या १५ सें.मी. थरात एक टक्का ओल म्हणजे जवळपास २ मि.मी. पाणी. चार टक्के म्हणजे ८ मि.मी. तीन चौरस मीटरच्या त्या लहानशा वाफ्यात २४ लिटर, आणि वरच्या उदाहरणातील एकराच्या भिजलेल्या पट्ट्यात १२,८०० लिटर. आकडे येथे नमुन्यादाखल घेतले आहेत, तुमच्या जमिनीत ते वेगळे येतील आणि तेच तुमच्या उपयोगाचे आहेत. दुसऱ्या दिवशी चारही प्रकारांत फारसा फरक आढळला नाही तर निराश होऊ नये, तो चौथ्या दिवशी उठून दिसतो. पाणी बराच काळ तोडले तर फरक पुन्हा कमी होत जातो, त्याचे कारण वर आले आहेच. काडाचा वाफा दर वेळी उघड्यापेक्षा कोरडा निघत असेल तर काड कोरड्या जमिनीवर टाकले गेले असावे, किंवा पाणी काडावरच अडले असावे. नळी काडाखालून घेऊन पाहावे.

पीक निघाल्यावर कागदाचे काय?

सात गुंडाळ्या म्हणजे सुमारे ७७ किलो प्लॅस्टिक एका एकरात पडलेले असते. काडाचे खत होते, कागदाचे होत नाही. पीक संपल्यावर त्यावर रोटाव्हेटर फिरवणे ही सर्वांत वाईट गोष्ट. कागदाचे बोटाएवढे तुकडे होतात आणि ते पुन्हा वेचता येत नाहीत. ते मुळांच्या आणि पाण्याच्या आड येतात, नांगरटीला वर येऊन बांधावर उडतात आणि चरणाऱ्या जनावरांच्या पोटात जातात. कागद शेतात जाळूही नये.

आधी झाडे बुडाशी कापून घ्यावीत, नळ्या काढाव्यात. दोन दिवस आधी पाणी तोडले तर माती सुटी होते आणि दाबलेल्या कडा कुदळीने मोकळ्या करता येतात. मग एका टोकाकडून कागद गुंडाळत यावे. उन्हाने कडक होऊन तो तुटू लागण्याआधीच हे काम करावे. म्हणूनच पंचवीस मायक्रॉनपेक्षा पातळ कागद स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, तो अखंड निघत नाही. काढलेला कागद माती झटकून, बांधून ठेवावा आणि भंगार प्लॅस्टिक घेणाऱ्याकडे द्यावा. मातीने माखलेला कागद तो घेत नाही. कागद काढण्याची ही मजुरी लागवडीच्या खर्चात सुरुवातीलाच धरावी आणि मग पाचटाच्या वाहतुकीच्या खर्चाशी तिची तुलना करावी.